आमची वाटचाल : विशेषणे खोडून वाचणारे दोघे

उत्पादकांच्या वस्तूंवर खरेदीदार ऑनलाइन जे अभिप्राय लिहितात, ते वाचून त्यांत कौतुक किती, तक्रार किती आणि ती नेमकी कशाची, हे दरमहा तक्त्यात मांडून देणे हा आमचा व्यवसाय. २०१६ साली सदाशिव पेठेत भाड्याच्या एका खोलीत तो सुरू झाला, तेव्हा माझ्याबरोबर एकच भागीदार होते. आयुष्यभर छापखान्यात मुद्रिते तपासून ते निवृत्त झाले होते. पडद्यावर वाचायला त्यांनी पहिल्याच दिवशी नकार दिला. सगळे अभिप्राय कागदावर छापून हवेत आणि हाती लाल-निळी पेन्सिल हवी, ही त्यांची अट मी थोड्या कुरकुरीने मान्य केली. आमची पद्धत त्या पेन्सिलीतूनच निघाली.

पद्धत अशी, की निळ्या टोकाने विशेषणे, उद्गार आणि धन्यवाद खोडायचे, लाल टोकाने घडलेल्या गोष्टी अधोरेखित करायच्या आणि मग फक्त लाल मजकूर वाचायचा. ७५० वॉटच्या एका मिक्सरवर पाच तारे देऊन एका ग्राहकाने लिहिले होते : ‘सुंदर मिक्सर. आवाज इतका मधुर, की शेजारच्या काकू विचारायला आल्या, गिरणी कधी सुरू केलीत? झाकण उत्तम बसतं, त्यामुळे चटणी फक्त अर्ध्याच भिंतीवर उडते. नावडत्या नातेवाइकांना भेट द्यायला अप्रतिम.’ यातले ‘सुंदर’, ‘मधुर’, ‘उत्तम’ आणि ‘अप्रतिम’ खोडले, की उरते ते एवढेच : आवाजामुळे शेजारीण आली, चटणी भिंतीवर उडाली आणि मिक्सर नावडत्या माणसांच्या गळ्यात मारायचा आहे. यांपैकी एकही गोष्ट कोणत्याच ग्राहकाला हवीशी वाटणार नाही. स्तुती शब्दांत आणि हाल घटनांत, असा उलटा जोड जिथे दिसेल, तिथे उपरोध समजावा. तक्त्यात आम्ही ‘आवाज’ आणि ‘झाकणाची गळती’ अशा दोन तक्रारी नोंदवल्या. ताऱ्यांवर मी कधीच विसंबत नाही, कारण खवळलेला माणूस मुद्दाम पाच तारे देतो आणि एखादे भोळे आजोबा ‘पहिला नंबर’ म्हणून एकच तारा देतात.

थट्टा कोणावर आहे, हेही पाहावे लागते. २०१२ साली बिक कंपनीच्या ‘फॉर हर’ या खास बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेनांवर ॲमेझॉनवर थट्टेच्या अभिप्रायांचा पाऊस पडला. रोख पेन नीट लिहीत नाही यावर नव्हता, बायकांना वेगळे पेन लागते या कल्पनेवर होता. असा अभिप्राय ‘शाईची तक्रार’ या रकान्यात टाकणारा माणूस मला तरी चालणार नाही.

पहिली तीन वर्षे बरी गेली. २०१९च्या दिवाळीआधी मात्र आम्ही जवळजवळ बुडालो. आमचा सर्वांत मोठा ग्राहक मिक्सर बनवणारा एक कारखाना होता. सप्टेंबरच्या तक्त्यात ‘धूर’ या सदराखाली आम्ही त्यांना १९ तक्रारी दाखवल्या. कारखान्याने त्या खेपेतल्या सगळ्या मोटारी ११ दिवस गोदामात अडवून तपासल्या, ऐन हंगामात दुकाने रिकामी राहिली आणि दोष मात्र कुठेच सापडला नाही. सापडणार तरी कसा? बहुतेक अभिप्राय कोल्हापूरकडचे होते आणि त्यांत लिहिले होते, ‘खर्डा असला बारीक, नाद खुळा! जाळ आणि धूर संगटच!’ आम्हा दोघा पुणेकरांनी मिक्सर, जाळ आणि धूर हे तीन शब्द एकत्र पाहिले आणि मोटार जळाली असे धरून चाललो. आमचीच लाल पेन्सिल आम्हाला फसवून गेली, कारण जी घटना समजून आम्ही अधोरेखित केली, ती घटना नव्हतीच. तो शाबासकीचा वाक्प्रचार होता.

ही चूक दाखवून दिली ती आमच्या सर्वांत लहान ग्राहकाने. कोल्हापुरात लोणची आणि मसाले करणाऱ्या एक ताई आम्हाला महिन्याला जेमतेम ४० अभिप्राय वाचायला देत. फोनवर मी ते वाक्य वाचून दाखवले, तेव्हा त्या बराच वेळ हसत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अवो दादा, ह्यो कौतुकाचा धूर हाय. खरा धूर निघाला असता तर माणसानं वास सांगितला असता, किती वाजता निघाला ते सांगितलं असतं. संगटच कशाला म्हनंल?’ ही कसोटी मी आजही वापरतो. त्या १९ अभिप्रायांवर ती लावली, तेव्हा तीनच खरे ठरले. दोघांनी जळका वास, खालचे लाल बटण उडणे आणि मोटार मध्येच थांबणे असे तपशील दिले होते. तिसऱ्याने पहिल्याच वापरात वास आल्याचे लिहिले होते, आणि नव्या मोटारीच्या वेटोळ्यांवरचे व्हार्निश तापले की सुरुवातीला तसा वास येतोच. उरलेल्या सोळांत ना वेळ होती, ना वास, ना बटण.

कारखान्याने काम काढून घेतले, ते न्याय्यच होते. पण ज्यांना दिले, त्यांच्याबद्दलचा सल अजून जात नाही. त्यांच्याकडे शब्दांची यादी आणि तिच्यावर गुण मोजणारी आज्ञावली होती. दर आमच्या निम्मा. ‘सहा महिन्यांत जार तिसऱ्यांदा बदलून मिळाला, सेवा अप्रतिम, धन्यवाद’ याला त्या यादीने दोन गुण कौतुकाचे दिले आणि ‘खतरनाक मिक्सर, विषय हार्ड’ याला धोक्याच्या सदरात टाकले. वर्षभराने त्यांच्या माहितीपत्रकात ‘घटना आणि विशेषणे वेगळी वाचण्याची आमची पद्धत’ असे छापून आले. पेन्सिलीचा उल्लेख नव्हता.

त्यानंतर आम्ही प्रत्येक अभिप्राय दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा नियम केला. पहिल्या २०० अभिप्रायांत १७४ ठिकाणी आमचे एकमत झाले आणि मी पेढे मागवायच्या बेतात होतो. माझ्या सांख्यिकी शिकवणाऱ्या मेहुणीने मला थांबवले. मी २४ अभिप्राय उपरोधिक ठरवले होते, भागीदारांनी ३०, आणि दोघांच्या यादीत सामाईक होते अवघे १४. बहुतेक अभिप्राय सरळच असतात, त्यामुळे आम्ही डोळे मिटून याच प्रमाणात खुणा केल्या असत्या, तरी सुमारे १५३ ठिकाणी जुळलेच असते. म्हणजे उरलेल्या सुमारे ४७पैकी आमच्या अकलेने जुळलेले जेमतेम २१ : ०.४४. योगायोगाने जुळलेले वगळून एकमत मोजणारा, जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला ‘कप्पा’ नावाचा आकडा तो हाच. या धंद्यात उतरणाऱ्याने ‘८७ टक्के एकमत’ असे कोणी सांगितले, तर सामाईक उपरोध किती, एवढेच विचारावे.

तेव्हापासून आमच्या तक्त्यात ‘अनिर्णित’ असा तिसरा रकाना आहे. पैसे देऊन अनिर्णित कशाला घ्यायचे, असे म्हणून दोन ग्राहक सोडून गेले. परंतु ज्या अभिप्रायात घटनाच नाही, त्यात पेन्सिल काय अधोरेखित करणार? ‘वा, काय मिक्सर आहे!’ या वाक्याचा सूर लिहिणाऱ्याच्या गळ्यात राहिलेला असतो. अशा वेळी त्याच माणसाचे इतर वस्तूंवरचे अभिप्राय वाचावेत आणि जोडलेले छायाचित्र पाहावे. तेही नसेल, तर हट्टाने निकाल देऊ नये.

त्या रकान्यात सर्वांत जुने एक वाक्य आहे : ‘असा मिक्सर पुन्हा होणे नाही.’ तारे तीन. छायाचित्र नाही, दुसरा अभिप्राय नाही. भागीदारांच्या मते ते कौतुक आहे, माझ्या मते सुटकेचा निःश्वास. ताईंना विचारले, तर त्यांनी उलट विचारले, ‘मिक्सर चालू हाय का बंद?’

ते त्याने लिहिलेले नाही.