वॉरंटीची तरतूद, तिचा कर आणि बदलता दर: माझा अनुभव

मेलबर्नमधील व्यावसायिक फ्रिज बनविणाऱ्या एका कंपनीत ३० जूनची वर्षअखेर करताना वॉरंटीच्या तरतुदीचे करप्रभाव लेखांकन, म्हणजे तिचा आताच्या आणि पुढच्या करावरील परिणाम हिशेबात घेण्याचे काम, माझ्याकडे आले. कंपनी प्रत्येक फ्रिजवर २४ महिन्यांची वॉरंटी देते आणि विक्री होताच संभाव्य दुरुस्तीखर्चाची तरतूद करते. ऑस्ट्रेलियातील आयकर कायद्याच्या कलम ८-१ नुसार मात्र अशा नुसत्या अंदाजावर वजावट मिळत नाही. खर्च खरोखर करावा लागला की मगच ती मिळते. आमच्याकडे दावा मान्य होऊन त्याच महिन्यात पैसे चुकते होत असल्यामुळे ‘दिले तेव्हा’ हाच निकष पुरेसा होता. पुण्यात शिकलेल्या माझ्यासारख्याला हे थोडे वेगळे वाटले, कारण भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या रोटॉर्क कंट्रोल्स प्रकरणात पूर्वानुभवावर आधारलेली, नीट मोजलेली वॉरंटी तरतूद वजावटीस पात्र धरली होती.

वर्षारंभी तरतूद ८ लाख डॉलर होती. वर्षभरात नफ्यातून १२ लाख तरतुदीत गेले, ग्राहकांच्या दाव्यांवर ९ लाख खर्च झाले आणि अखेरीस ११ लाख उरले. करपूर्व नफा ६० लाख होता. पूर्वीच्या कर्मचाऱ्याने तयार केलेल्या तक्त्यात करपात्र उत्पन्न काढताना नफ्यात अखेरची पूर्ण शिल्लक, म्हणजे ११ लाख, मिळवली जात होती. तसे केले तर आधीच्या वर्षी कर भरून झालेल्या रकमेवर पुन्हा कर लागतो. खर्ची टाकलेले १२ लाख मिळवायचे आणि दिलेले ९ लाख वजा करायचे, म्हणजे करपात्र उत्पन्न ६३ लाख येते. नफ्यात होणारी निव्वळ वाढ तरतुदीतील ३ लाखांच्या वाढीइतकीच असली पाहिजे. तेवढे ताडून पाहिले की ही चूक लगेच उघडी पडते.

त्यानंतर ताळेबंदाची बाजू आली. आयकराच्या लेखांकनाचे ऑस्ट्रेलियन मानक असलेल्या एएएसबी ११२ नुसार देयतेचा टॅक्स बेस म्हणजे तिची पुस्तकी रक्कम वजा तिच्यापोटी पुढे मिळणारी वजावट. येथे ११ लाखांपैकी सर्वच्या सर्व ११ लाख पुढे वजा होणार असल्याने टॅक्स बेस शून्य येतो आणि ११ लाखांचा वजावटयोग्य तात्पुरता फरक उरतो. त्यावर डिफर्ड टॅक्स ॲसेट, म्हणजे पुढे वाचणाऱ्या कराची मालमत्ता, धरण्यासाठी पुढे पुरेसा करपात्र नफा संभवनीय हवा. सातत्याने नफ्यात असलेल्या या कंपनीबाबत त्यावर फार वेळ घालवावा लागला नाही.

खरी अडचण दराची होती. एकत्रित उलाढाल ५ कोटी डॉलरपेक्षा कमी असलेल्या आणि मुख्यतः व्यवसायातून कमावणाऱ्या कंपनीला २५ टक्के दर लागतो, एरवी ३० टक्के. आमची उलाढाल ४.८ कोटी होती, म्हणून चालू वर्षाचा कर ६३ लाखांवर २५ टक्क्यांनी १५.७५ लाख झाला. परंतु सुपरमार्केटांच्या एका साखळीशी करार झाला होता आणि त्यातील निश्चित मागण्या धरता पुढील दोन्ही वर्षांत उलाढाल ५ कोटींच्या वर जाणार, हे अंदाजपत्रकात स्पष्ट दिसत होते. डिफर्ड टॅक्स ज्या वर्षी फरक मिटेल त्या वर्षी लागू होणाऱ्या दराने मोजायचा असतो. दोन्ही दर कायद्यात आधीपासूनच असल्यामुळे प्रश्न नव्या कायद्याचा नव्हता, आमच्याच उलाढालीच्या अंदाजाचा होता. लेखापरीक्षकांनी साहजिकच कराराची प्रत आणि तरतुदीतील कोणती रक्कम कोणत्या वर्षी खर्च होईल याचा तक्ता मागितला. वॉरंटी २४ महिन्यांची असल्याने ११ लाख त्याच दोन वर्षांत संपणार होते.

सुरुवातीचा ॲसेट ८ लाखांवर २५ टक्क्यांनी २ लाख होता, अखेरचा ११ लाखांवर ३० टक्क्यांनी ३.३० लाख झाला. म्हणून डिफर्ड टॅक्स ॲसेटला १.३० लाख नावे टाकून तेवढीच रक्कम करखर्चाला जमा केली, आणि वर्षाचा एकूण करखर्च १४.४५ लाखांवर आला. ६० लाखांवर २५ टक्के म्हणजे १५ लाख. मग ५५ हजार कमी का, असा प्रश्न संचालकांनी विचारला. उत्तर ११ लाखांवरील ५ टक्क्यांच्या जादा दरात होते. करखर्चाच्या मेळाच्या टिपेत ‘करदरातील बदलाचा परिणाम’ अशी स्वतंत्र ओळ घालून मी तेच दाखवले. हा फरक पै न पै जुळला, याचा अर्थ हिशेबात धरलेल्या आकड्यांचे गणित बरोबर होते. एखादा फरक मुळातच नजरेतून सुटला असता, तर तो मात्र या मेळातून कळला नसता.

आता करार रद्द झाला किंवा उलाढाल पुन्हा ५ कोटींखाली राहिली, तर तेव्हा शिल्लक असलेल्या तरतुदीवरील ॲसेट पुन्हा २५ टक्क्यांनी मोजावा लागेल आणि तो फरक त्या वर्षीच्या करखर्चाला नावे पडेल. त्यासाठी मागण्यांचा तक्ता दर सहामाहीच्या हिशेबाआधी नव्याने तपासण्याचे काम आता माझ्याकडेच आहे.