राहू संपतोय, परत येऊ का?

आज मस्कतहून आमच्या जुन्या यजमानांच्या मुलाचा मेसेज आला. "काका, दिवाळीनंतर गुरूची महादशा लागतेय. नोकरी सोडून गावी आलो तर मानवेल का?"

पत्रिका काढली. कन्या लग्न, हस्त नक्षत्र, व्ययात राहू. राहूच्या 18 वर्षांत पोरगा परदेशी गेला, यात नवल नाही. आता गुरू चतुर्थाचा आणि सप्तमाचा स्वामी, म्हणजे घर आणि बायको दोन्ही त्याच्याकडे. येण्याला दशा अनुकूलच आहे.

पण तारीख कशी धरायची? पत्रिकेत जन्मवेळ पहाटे साडेपाच, आई म्हणते सहा वाजले होते. चंद्र एक नक्षत्र साधारण एका दिवसात ओलांडतो आणि हस्तावरच्या जन्माला पहिली दशा चंद्राची, 10 वर्षांची. त्यामुळे अर्ध्या तासाच्या फरकाने पुढची प्रत्येक महादशा अडीच महिने सरकते. शिवाय सध्या राहूत शेवटची मंगळाची अंतर्दशा चालू. त्यात माणूस तडकाफडकी राजीनामा देतो, हे पुष्कळदा पाहिलंय.

त्याला लिहिलं, "ये बाळा, पण करार पुरा कर, हिशेबाचे पैसे हातात घे, मगच तिकीट काढ. आणि दवाखान्यातली जन्माची नोंद मिळाली तर पाठव, पुन्हा मांडतो."