शुक्रवारचं शिसं

औषधं तपासणाऱ्या आमच्या लॅबमध्ये शुक्रवारी शिसं वाढायचं. इतर दिवशी आयसीपी-एमएसवर, म्हणजे धातूंचे सूक्ष्म अंश मोजणाऱ्या मशिनवर, ब्लँक लावला की शिशाचा आकडा ०.०१ ते ०.०२ पीपीबीच्या आसपास. एक पीपीबी म्हणजे साधारण लिटरमागे एक मायक्रोग्रॅम. शुक्रवारी दुपारी तोच ब्लँक कधी ०.०८, कधी ०.२, एकदा तर ०.४. ब्लँक म्हणजे सॅम्पल न घालता बाकी सगळं तसंच करून केलेलं द्रावण: तेच पाणी, तोच अॅसिड, तसाच फ्लास्क. त्यात शिसं दिसलं तर ते औषधातलं नाही, आमचंच आहे, हे उघड.

आमची लॅब भोसरीच्या एमआयडीसीत आहे आणि इथे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे बाहेरच्या वाचकांसाठी. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

०.२ पीपीबी म्हणजे काय मोठंसं, असं आमच्याच लॅबमधले काही जण म्हणाले. पिण्याच्या पाण्यासाठी शिशाची भारतीय मर्यादा १० पीपीबी आहे, मग इथे एवढा आटापिटा कशाला? पण आम्ही सलाईन तपासत होतो. शिरेतून जाणाऱ्या औषधात दिवसाला जास्तीत जास्त ५ मायक्रोग्रॅम शिसं चालतं. रुग्णाला दिवसाला एक लिटर सलाईन दिलं असं धरलं तर मर्यादा येते ५ पीपीबी, आणि तिच्या ३० टक्के म्हणजे १.५ पीपीबीच्या वर आकडा गेला की कंपनीला नियंत्रणाच्या जास्तीच्या उपायांचा विचार करावा लागतो. सलाईन आहे तसं मशिनला पाजता येत नाही. त्यात ०.९ टक्के मीठ असतं आणि आयसीपी-एमएसला साधारण ०.२ टक्क्यांच्या वर विरघळलेलं काही सोसत नाही, मशिनच्या तोंडाशी असलेल्या कोनवर थर बसतात. म्हणून आम्ही दहापट पातळ करतो. मग मशिनसमोर जो १.५ चा प्रश्न येतो तो ०.१५ चा होऊन येतो, आणि ब्लँक जर ०.२ असेल तर मोजमाप कसलं, नुसता अंदाज.

पहिला संशय कोणावर जाणार? अर्थातच वॉशिंगवर. आमच्याकडे काचसामान धुणारे मामा आहेत. माणूस शांत, हात स्वच्छ, साधे रबरी नव्हे, पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे घालायचे हे त्यांना सांगावं लागत नाही. पण कुठलाही आकडा बिघडला की क्यूएचा, म्हणजे गुणवत्ता विभागाचा, पहिला प्रश्न ठरलेला: "रिन्स नीट झालं होतं का?" मशिनला कुणी विचारत नाही आणि एसओपीला, म्हणजे लेखी कार्यपद्धतीला, तर नाहीच.

एसओपी माझ्याआधी लिहिलेली होती आणि बऱ्याच बाबतीत चांगली होती. मार्करची शाई आधी अल्कोहोलने पुसायची. फॉस्फेट नसलेल्या साबणाने धुवायचं, पण तारेच्या दांड्याचा ब्रश वापरायचा नाही. आधी नळाचं पाणी, मग क्षार काढलेलं डीआय पाणी. त्यानंतर १० टक्के नायट्रिक अॅसिडमध्ये किमान २४ तास. प्लास्टिकच्या झाकणाच्या टबमध्ये आधी १८ लिटर पाणी, मग हळूहळू २ लिटर तीव्र अॅसिड, उलट कधीच नाही. बाहेर काढून १८.२ मेगाओमच्या अतिशुद्ध पाण्याने भरपूर खंगाळायचं आणि गाळलेल्या हवेच्या लॅमिनारखाली प्लास्टिकच्या रॅकवर उलटं ठेवून वाळवायचं. ओव्हनमध्ये नाही, कारण ओव्हनच्या जाळ्या लोखंडी. क्रोमिक अॅसिडला सक्त मनाई, कारण क्रोमियम काचेला चिकटून बसतं आणि सहज सुटत नाही. कॉलेजात मी स्वतः त्या नारिंगी द्रावणात फ्लास्क बुडवलेत, ट्रेस मेटलच्या लॅबमध्ये आज कुणी त्याचं नावही काढणार नाही. अॅसिडचा बाथ दर शुक्रवारी संध्याकाळी बदलायचा.

या सगळ्यात एक ओळ होती: "फ्लास्क अॅसिडमध्ये पूर्णपणे बुडलेला असावा." वाचताना कुणाच्याही मनात काही येणार नाही. उलट काळजी घेतल्यासारखी वाटते.

मी आधी रीएजंट तपासले. फ्लास्क टाळून थेट प्लास्टिकच्या नव्या ५० मिलीच्या ट्यूबमध्ये ब्लँक केला: ०.०१५. म्हणजे अॅसिड चांगला, पाणी चांगलं, मशिनही ठीक. मग फ्लास्क. शुक्रवारच्या दहा फ्लास्कमध्ये २ टक्के नायट्रिक भरून रात्रभर ठेवलं. खंगाळणं अपुरं पडलं असतं तर सगळे थोडेथोडे वर असायला हवे होते. तसं नव्हतं. काही ०.०३ वर गप्प बसले होते, दोन-तीन ०.३ च्या वर, मधले कुठेतरी मध्ये. शिवाय वर असलेले फ्लास्क दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले तर आणखी चढलेले. मागे राहिलेला अॅसिडचा थेंब असा वागत नाही, तो जे द्यायचं ते पहिल्या मिनिटात देऊन मोकळा होतो. हळूहळू देणारं काहीतरी आत बसलेलं होतं.

याच सुमारास मामांची एक वेगळीच तक्रार चालू होती. फ्लास्कवरचे नंबर दिसत नाहीत म्हणून क्यूएच्या मॅडम त्यांना बोलल्या होत्या. मामा फ्लास्क घेऊन माझ्याकडे आले. "सर, मी काय करू? नव्या मालाची अक्षरं बाथमध्येच मरतात. जुन्यांची नाही मरत." त्यांनी अंगठा फिरवला आणि अंगठ्यावर खडूसारखी पांढरी भुकटी आली.

जुने फ्लास्क तपकिरी छपाईचे होते. तो रंग काचेच्या आतच मुरवलेला असतो. नवे फ्लास्क पांढऱ्या छपाईचे, म्हणजे काचेवर इनॅमल भाजून बसवलेलं. असलं इनॅमल कमी तापमानाला वितळावं म्हणून त्यात शिशाचा वापर पूर्वापार होत आलाय, आणि अॅसिडपुढे ते टिकत नाही. परचेसने दर बघून पुरवठादार बदलला होता. सोबत आलेलं सर्टिफिकेट उत्तम होतं: क्लास ए, १०० मिलीला कमी-जास्त ०.१ मिली. आकारमानाची हमी चोख. शाईबद्दल एक अक्षर नाही, आणि परचेसने विचारलंही नव्हतं. त्यांना विचारायचं सुचेल असं समजण्यात अर्थही नव्हता, पण आमच्या कुणाची सही घेतल्याशिवाय ऑर्डर बदलते, हे अजून मला पटत नाही.

चाचणी सोपी होती. स्वच्छ प्लास्टिकच्या बीकरमध्ये ताजं १० टक्के नायट्रिक घेतलं आणि त्यात पांढऱ्या छपाईचा फ्लास्क तोंड बंद करून, फक्त बाहेरून भिजेल असा उभा केला. दुसऱ्या बीकरमध्ये तसाच तपकिरी. तिसरा फ्लास्क पांढऱ्याच छपाईचा, पण अॅसिड फक्त आत, मानेपर्यंत भरलेलं, आणि बाहेरून कोरडा. २४ तासांनी तिन्ही अॅसिड मोजले. पांढरा बाहेरून भिजलेला: शंभरपट पातळ केल्यावरही शिशाची रेघ ठसठशीत, मूळ अॅसिडात काही शे पीपीबी. तपकिरी: ब्लँकपेक्षा वेगळा काढता येणार नाही इतका कमी. पांढरा, फक्त आतून: तोही स्वच्छ. काच निर्दोष होती. दोष लेबलचा, आणि लेबलला अॅसिडपर्यंत पोचवणाऱ्या त्या ओळीचा.

मग बाथ मोजला. आठवडाभर वापरलेल्या २० लिटरमध्ये शिसं ६० पीपीबीच्या घरात. पण नुसत्या विरघळलेल्या शिशाने हिशेब जुळत नव्हता. ओतून रिकाम्या केलेल्या फ्लास्कच्या भिंतीला जेमतेम अर्धा मिली चिकटून राहतो. त्यातलं शिसं ३० नॅनोग्रॅम, तेही तीनदा खंगाळल्यावर नगण्य. तळातला अॅसिड ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ओढला तेव्हा फिल्टरवर पांढरा धुरळा उरला. म्हणजे बाथमध्ये इनॅमलची भुकटी तरंगत होती आणि उघड्या तोंडाने बुडवलेल्या फ्लास्कमध्ये शिरून बसत होती. ज्याच्या तळाशी दोन कण जास्त बसले, तो ०.४ वर. ज्यात बसले नाहीत, तो ०.०३ वर. आकडे इतके विस्कळीत का, याचं मला पटणारं हेच उत्तर आहे.

आणि शुक्रवार? बुधवारी संध्याकाळी बुडवलेले फ्लास्क गुरुवारच्या सुट्टीमुळे शुक्रवारी सकाळी निघायचे, म्हणजे दीड दिवस भिजायचे, तेही आठवडाभर मळत आलेल्या बाथमध्ये. फ्लास्क जास्त स्वच्छ व्हावेत म्हणून जास्त वेळ ठेवले तर ते जास्त घाण होत होते. मामांनी जितका नियम पाळला तितका ब्लँक वाढला.

असा बिघाड नोंदवायच्या डेव्हिएशन रिपोर्टमध्ये "मूळ कारण" असा एक रकाना असतो. क्यूएने मसुद्यात लिहून आणलं होतं: अपुरं खंगाळणं, कर्मचाऱ्यास पुनर्प्रशिक्षण. हे वाक्य त्यांच्याकडे तयारच असतं, कारण त्यावर कुठला ऑडिटर पुढचा प्रश्न विचारत नाही. मी तीन बीकरचे आकडे आणि फिल्टर समोर ठेवला. मॅडम हुशार आहेत, त्यांना लगेच कळलं. तरी त्यांची अडचण खरी होती: मूळ कारण "एसओपी" असं लिहिलं, की त्या एसओपीने धुतलेल्या सामानावर आजवर दिलेले सगळे रिपोर्ट प्रश्नात येतात. बरीच वादावादी झाल्यावर "एसओपी" असंच लिहिलं गेलं. मामांचं पुनर्प्रशिक्षण मात्र रिपोर्टमध्ये राहिलंच. आता त्यात नवी पद्धत शिकवली असं लिहिलंय.

नवी पद्धत अशी: फ्लास्क बुडवायचा नाही, तो आतून मानेच्या वरपर्यंत १० टक्के नायट्रिकने भरायचा आणि बुच लावून ट्रेमध्ये उभा ठेवायचा. एका फ्लास्कमधला अॅसिड दुसऱ्यात ओतायचा नाही. बुचं वेगळ्या डब्यात, बुडवून, कारण त्यांच्यावर छपाई नाही. दर बॅचचा एक फ्लास्क २ टक्के नायट्रिकने भरून रात्रभर ठेवायचा आणि मोजायचा, शिसं ०.०३ च्या वर गेलं तर अख्खी बॅच परत. अॅसिड जास्त लागतो, जागाही जास्त लागते. ऑडिटरला टबमध्ये डोकावून "सगळं बुडलंय" अशी टिक करता येत नाही, ही क्यूएची तक्रार अजून आहे. सलाईनसाठी तर मी काचच बंद केली. थेट ट्यूबमध्ये तराजूवर वजन करून दहापट पातळ करतो. क्लास एचं सर्टिफिकेट कपाटात आहे.

जे अजून सुटलेलं नाही ते जुन्या आकड्यांचं. सॉफ्टवेअर सॅम्पलमधून ब्लँक वजा करतं. ब्लँक भुकटी बसलेल्या फ्लास्कमध्ये आणि सॅम्पल स्वच्छ फ्लास्कमध्ये केलं असेल, तर ०.२ गुणिले १०, म्हणजे २ पीपीबी शिसं आम्ही कागदावरून पुसलं असणार. ५ च्या मर्यादेला कदाचित धक्का लागत नाही, १.५ च्या रेषेला नक्की लागतो. क्यूए म्हणतं, सगळे निकाल मर्यादेच्या खूप खाली होते. पण ज्या निकालांसमोर उणे आकडा आला आणि "मोजण्याइतकं नाही" असं लिहून पुढे गेलो, ते खाली होते की वजाबाकीने खाली गेले, हे त्या कागदावरून कळत नाही, कारण ब्लँक कुठल्या फ्लास्कमध्ये केला याला वर्कशीटवर रकानाच नव्हता. आता मी तो हाताने आखतो. राखून ठेवलेल्या सलाईनच्या बाटल्या एकेक करून ट्यूबमधून पुन्हा मोजायला घेतल्या आहेत, नेहमीचं काम संपल्यावर जेवढं जमेल तेवढं.