आमची वाटचाल : किटलीच्या तळाशी बसणारा चुना

कोरपना तालुक्यातील आमचे दुकान पाण्याच्या मोटारी आणि घरगुती विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीसाठी सुरू झाले. विजेच्या किटल्या आमच्याकडे बऱ्याच नंतर, मुख्यतः भाड्याच्या खोल्यांत राहणारे शिक्षक, वसतिगृहातील विद्यार्थी आणि दवाखान्यातील कर्मचारी यांच्याकडून येऊ लागल्या. त्यांतील बहुतेक किटल्यांची तक्रार एकसारखी होती आणि झाकण उघडले की तिचे कारणही तळाशीच दिसत असे. आमच्या कामाची दिशा बदलली ती या तळाच्या पांढऱ्या थरामुळे, म्हणून या लेखात आम्ही मुख्यतः त्याच्याविषयीच लिहीत आहोत.

गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या परिसरात सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते इथल्या जमिनीखालील चुनखडीच्या साठ्यांमुळे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड सोबत घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळवत बोअरवेलपर्यंत पोहोचते. पाण्यात ती कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात असते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. पाणी तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेट मोडते आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पुन्हा चुनखडीच, घट्ट थर बनून सर्वांत गरम जागी बसते. किटलीत ही जागा म्हणजे हीटरच्या बरोबर वरचा तळ होय. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लीटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे; म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीसुद्धा किटलीत भरपूर थर बसवू शकते.

सुरुवातीला आम्ही या किटल्यांकडे दुरुस्तीच्या नजरेने पाहत होतो, परंतु या कामात दुरुस्तीला फार वाव नसतो. आजकालच्या बहुतेक किटल्यांत हीटर उघडा नसतो. निक्रोमची तार मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत दाबून धातूच्या नळीत बसवलेली असते, ती नळी ॲल्युमिनियमच्या चकतीला आणि ती चकती स्टीलच्या तळाला भट्टीत कायमची जोडलेली असते. असा हीटर जळाला की तो सुटा करून बदलता येत नाही, त्यामुळे ग्राहकाला नवीन किटली घ्यावी लागते. म्हणून जळालेली किटली दुरुस्त करण्यापेक्षा ती जळू न देण्याची सेवा द्यावी, असे आम्ही ठरवले.

या कामात ग्राहकांना समजावून सांगण्याची पहिली गोष्ट अशी की, थरामुळे वीज फार वाया जाते हा समज किटलीच्या बाबतीत बराच अतिरंजित आहे. १५०० वॉटची किटली थर असला तरी जवळपास तितकीच वीज घेते, कारण ती व्होल्टेज आणि तारेचा रोध यांवर ठरते. आणि निर्माण झालेल्या उष्णतेला पाण्यात जाण्यावाचून फारशी दुसरी वाट नसते. एक लीटर पाणी २७ अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास हिशेबाने सुमारे ३ मिनिटे २५ सेकंद लागतात, प्रत्यक्षात चार मिनिटांच्या आसपास. थर बसल्यावर हा वेळ थोडासाच वाढतो. किटलीला एकाएकी फार वेळ लागू लागला, तर आम्ही आधी व्होल्टेज मोजायला सांगतो. गावात ते १९० पर्यंत उतरले, तर १५०० वॉटची किटली जेमतेम हजार वॉटची उरते आणि तेच पाणी उकळायला जवळपास दीडपट वेळ घेते. तो दोष थराचा नाही.

थराचे खरे नुकसान हीटरला सोसावे लागते. तितकीच उष्णता अडथळ्यातून ढकलायची, तर अडथळ्याच्या अलीकडचे तापमान वाढलेच पाहिजे. ते किती वाढते, हे एका शिक्षकांच्या किटलीवरून सांगतो. "भाऊ, पाणी उकळाच्या आधीच बटन पडते," अशी त्यांची तक्रार होती. दुकानात त्याच मॉडेलची नवीन किटली होती. त्यांची किटली पूर्ण वाळवून दोन्ही वजनकाट्यावर ठेवल्या, तेव्हा जुनी २२ ग्रॅम जास्त भरली. थर जवळजवळ सगळा तळावरच होता. तळाचा व्यास १२ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर. आणि थराची घनता पाण्याच्या दुप्पट धरली, तर जाडी साधारण एक मिलिमीटर निघते. अशा थराची उष्णता वाहून नेण्याची क्षमता स्टीलच्या मानाने फारच कमी असते. ती प्रति मीटर प्रति अंश एक वॉट धरून हिशेब केला, तर १५०० वॉट त्या क्षेत्रातून जाण्यासाठी थराच्या खालच्या आणि वरच्या बाजूंत सुमारे १३० अंशांचा फरक पडावा लागतो. थर सच्छिद्र असल्यास हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाज कळण्यास तो पुरेसा आहे. स्वच्छ किटलीचा तळ उकळत्या पाण्याच्या थोडासाच वर असतो. या किटलीचा तळ २३० अंशांच्या आसपास जात होता, आणि आतली तार तर त्याहूनही पुष्कळ गरम होत होती.

किटलीच्या तळाखाली द्विधातूची एक चकती असते, जी किटली चुकून रिकामी चालू राहिली तर वीज तोडते. तिला किटलीत पाणी आहे की नाही ते कळत नाही, फक्त तळाचे तापमान कळते. म्हणून थर जाड झाला की भरलेली किटलीही तिला कोरडी वाटते आणि उकळी येण्यापूर्वीच बटन पडते. हे लक्षण दिसले की किटली अजून वाचवण्यासारखी आहे असे आम्ही समजतो. पुष्कळ लोक मात्र बटन पुन्हा पुन्हा दाबून पाणी उकळवून घेतात, आणि नुकसान होते ते तिथेच. प्रत्येक वेळी भाराखाली संपर्कबिंदू तुटताना ठिणगी पडते आणि ते जळत जातात. तार जास्त तापमानाला राहिल्याने तिच्यावरचे संरक्षक ऑक्साइड लवकर झिजते आणि ती एखाद्या जागी बारीक होऊन तुटते. मॅग्नेशियम ऑक्साइडची विद्युतरोधक क्षमताही तापमान वाढेल तशी घटते, म्हणून अशी किटली कधीकधी गरम झाल्यावरच गळतीरोधक स्विच पाडते. शिवाय स्टील आणि ॲल्युमिनियम कमी-अधिक प्रसरण पावतात, तेव्हा दर वेळच्या जादा ताणाने त्यांचा जोड सैल होतो. आणि जोड सुटलेल्या जागी उष्णता आणखी कोंडते.

थर काढण्यासाठी आम्ही सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व वापरतो. थर त्यात विरघळताना कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि बुडबुडे थांबणे हीच काम संपल्याची खूण, असे सगळे मानतात. ती खूण अपुरी आहे, कारण ॲसिड संपले तरी बुडबुडे थांबतात. १० ग्रॅम थराला स्फटिकी लिंबूसत्त्व १४ ग्रॅम लागते; परंतु नेमके तेवढेच टाकले, तर तयार होणारे कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारच थोडे विरघळते आणि पांढऱ्या भुकटीच्या रूपात पुन्हा तळावर बसते. त्यातही गंमत अशी की, हे सायट्रेट गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळते. लिंबूसत्त्व टाकून किटली खळखळून उकळण्याची सवय आमच्या भागात फार आहे, आणि अशा किटल्यांच्या तळावर आम्हाला जो मऊ, दुधी, नखाने निघणारा थर दिसतो तो बहुतेक वेळा चुन्याचा नसून सायट्रेटचा असतो. म्हणून ॲसिड गरजेच्या दुप्पट असावे आणि पाणी कोमट असावे, या दोन गोष्टींवर आम्ही आग्रही आहोत.

शिक्षकांच्या किटलीतील २२ ग्रॅमसाठी आम्ही काम दोन फेऱ्यांत केले. एक लीटर पाणी हाताला सोसवेल इतके, म्हणजे ५० अंशांच्या आत गरम करून वीज काढून घेतली आणि त्यात ३० ग्रॅम लिंबूसत्त्व थोडे थोडे टाकले. एकदम टाकल्यास फेस काठावरून उतू जातो आणि खालच्या जोडणीत शिरतो. अर्ध्या तासाने पाणी ओतून, तळ मऊ कापडाने पुसून, ताज्या द्रावणाची दुसरी फेरी केली. एकाच फेरीत ६० ग्रॅम टाकण्यापेक्षा असे करणे बरे, कारण पहिल्या फेरीत विरघळलेले कॅल्शियम पाण्यासोबत बाहेर जाते. त्यानंतर दोन वेळा साधे पाणी उकळून फेकले, किटली वाळवली आणि वजन केले. नव्या किटलीच्या वजनाशी ते एका ग्रॅमच्या आत जुळले. तेव्हापासून वजनाचा हा ताळा आम्ही प्रत्येक किटलीला लावतो आणि विकलेल्या प्रत्येक नव्या किटलीच्या तळाखाली तिचे कोरडे वजन चिठ्ठीवर लिहून चिकटवतो. पुढे ती किटली आली की तिच्यात किती थर आहे आणि किती लिंबूसत्त्व लागेल, हे उघडून न पाहताही कळते.

किती दिवसांनी स्वच्छता करावी, हे पाण्यावर अवलंबून आहे. उकळल्याने खाली बसणारा कठीणपणा लीटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर २२ ग्रॅम थरासाठी किमान ७३ लीटर पाणी उकळावे लागेल. सगळा क्षार एका उकळीत बसत नाही, म्हणून प्रत्यक्षात याहून बरेच जास्त. आम्ही दिवसांचा हिशेब सांगत नाही, वजन १० ग्रॅमने वाढले की किटली घेऊन या, असे सांगतो. कारण तोवर थर अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतो, एका फेरीत निघतो आणि चकती पडण्याची वेळ आलेली नसते.

काही कामे आम्ही घेत नाही. संडास धुण्याच्या ॲसिडने कोणी किटली घासून आणली, तर तिची हमी आम्ही देत नाही, कारण त्यातील क्लोराइड स्टीलमध्ये सुईएवढी छिद्रे पाडते आणि पाणी हीटरच्या बाजूला उतरते. सुरीने किंवा तारेच्या घासणीने खरवडलेल्या तळावर पुढचा थर अधिक घट्ट बसतो, त्यामुळे अशा किटलीत लवकरच पुन्हा यावे लागेल हे आधीच सांगतो. जिप्समचा किंवा सिलिकाचा थर लिंबूसत्त्वाने निघत नाही. पुरेसे ॲसिड असूनही बुडबुडे आले नाहीत आणि थर कडकच राहिला, तर आम्ही तिथे थांबतो व ग्राहकाला उकळण्यासाठी दुसऱ्या स्रोताचे किंवा फिल्टरचे पाणी वापरण्यास सांगतो. आणि इन्सुलेशन टेस्टरवर गरम किटलीची गळती दिसली, तर तळ कितीही स्वच्छ निघाला तरी ती किटली आम्ही परत चालू करून देत नाही.