बिल्टीवरचा आकडा

वसुबारस आठ दिवसांवर आली होती. शाहूपुरीतल्या माझ्या दुकानासमोर सकाळी टेम्पो लागला. सांगलीच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून सूर्यफूल तेलाचे ३० बॉक्स यायचे होते, एका बॉक्सात एक लिटरच्या १२ पिशव्या. हमालानं थप्पी लावली तेव्हाच तीन बॉक्स खालून ओले दिसले.

ड्रायव्हर म्हणाला, "मालक, सही द्या की, पुढं गडहिंग्लजला जायाचंय." मी सही दिली नाही. आधी मोजलं. २८ भरले. परत मोजलं, २८च. मग तिन्ही ओले बॉक्स त्याच्यासमोरच फोडले. ३६ पैकी ११ पिशव्या फुटलेल्या. पोच पावतीवर 'बॉक्स २८ मिळाले, पैकी ३ ओले, पिशव्या ११ फुटक्या' असा शेरा मारला, त्याखाली ड्रायव्हरची सही घेतली आणि मगच माझी केली. कोऱ्या पावतीवर सही झाली की माल पूर्ण आणि चांगला पोचला, असाच त्याचा अर्थ लावतात. मागून भांडून उपयोग होत नाही.

दुपारी पत्र लिहायला बसलो. दोन बॉक्स वाटेत गहाळ झाले असं लिहिणारच होतो, तेवढ्यात माल चढवताना ट्रान्सपोर्टवाल्यानं केलेल्या बिल्टीकडं नजर गेली. बिलात ३०, पण बिल्टीवर नग २८. म्हणजे माल गोडाऊनमधूनच कमी चढला होता. ट्रान्सपोर्टवाल्यावर उगाच आळ आला असता.

फुटीचं कारण वेगळं होतं. ओल्या बॉक्सांच्या वरच्या पुठ्ठ्यावर गोल कडेचा खोल वळ होता. वर कुणाचा तरी ड्रम ठेवला होता. याचा दोष गाडीवाल्याचा, पण आमचा दर दुकानपोच ठरलेला. त्यामुळं त्याच्याशी हिशोब व्यापाऱ्यांनी करायचा.

पत्रात एवढंच लिहिलं:

"स. न. वि. वि. आपल्या बिलाप्रमाणे ३० बॉक्स हवे होते, २८ मिळाले. बिल्टीवरही नग २८च आहेत, कृपया गोडाऊनमधील शिल्लक तपासावी. जीएसटीसह दर बॉक्सला १,५६० रुपये. दोन बॉक्सचे ३,१२० आणि फुटलेल्या ११ पिशव्यांचे, १३० प्रमाणे, १,४३० रुपये. एकूण ४,५५० रुपयांची क्रेडिट नोट पाठवावी. तेलकट झालेल्या २५ पिशव्या पुसून ठेवून घेतल्या आहेत, त्यांचे काही मागत नाही. उरलेले पैसे ठरल्या तारखेला मिळतील. कळावे."

'पुढच्या बिलात बघू' हे तोंडी आश्वासन मला नको होतं. न आलेल्या मालावरचं जीएसटीचं क्रेडिट मला घेता येत नाही, म्हणून कागदच पाहिजे. सोबत शेरा मारलेली पोच पावती, बिल्टी आणि त्या वळाचा जवळून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुनीमजींचा फोन आला. गोडाऊनमध्ये दोन बॉक्स जास्त निघाले होते. ते म्हणाले, "तुम्ही बिल्टी बघितलीत म्हणून बरं झालं, आम्ही गाडीवाल्याचंच भाडं अडवलं असतं." वसुबारसेच्या आदल्या दिवशी क्रेडिट नोट आली, पूर्ण ४,५५० ची.