बल्बला चौदा व्होल्ट, तरी उजेड पिवळा

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर मासळीचा धंदा करणारे एक भाऊ जुनी हॅचबॅक घेऊन आले. डावा हेडलाइट पणतीसारखा मिणमिणत होता. बल्ब दोनदा बदलून झाले होते. "दादा, आता सरळ १००/९० वॉटचे जास्त ताकदीचे बल्ब टाका," म्हणाले. आधीच्या इलेक्ट्रिशियनने होल्डर काढून मीटर लावला होता, पूर्ण व्होल्टेज दिसलं, म्हणून त्याने वायरिंगला क्लीन चिट दिली होती.

तिथेच मेख आहे. बल्ब काढला की करंट वाहत नाही, आणि करंट नसेल तर गंजलेल्या जोडावर व्होल्टेज पडतच नाही. मीटर लावायचा तो बल्ब जळत असताना, होल्डरच्या मागून.

आणखी एक खूण होती. डावा इंडिकेटर लावला की त्याच्या प्रत्येक उघडझापेबरोबर हेडलाइटही हलकासा मंद व्हायचा. या गाडीत दोघांची अर्थची वायर एकाच नटावर होती, त्यामुळे माझा संशय तिकडेच गेला.

इंजिन चालू ठेवून, लाइट लावून मोजलं. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या दोन पिनांमध्ये फक्त ११.१. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी बल्बच्या अर्थला लावली: १.७. इथे ०.२ च्या आत असायला हवं. उरलेले १.१ पॉझिटिव्हच्या बाजूला जात होते.

अर्थचा नट बॅटरीच्या ट्रेखाली, ॲप्रनच्या पत्र्यावर. खारी हवा, मासळीच्या बर्फाचं पाणी, वर बॅटरीची वाफ. नट खोलला तर वायरच्या टोकाच्या लगखाली हिरवट-पांढरा बुरा, पत्र्यावर गंजाचे पापुद्रे. वायरचं इन्सुलेशन सोललं तर आत तांबं बरंच वर काळं पडलेलं. नुसती लग बदलून भागणार नव्हतं, लखलखीत तांबं दिसेपर्यंत वायर कापावी लागली. नवीन तुकडा जोडला, नवीन लग दाबून बसवली. पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, दातेरी वॉशर घालून नट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. जेली नट आवळल्यावर लावायची, मधे नाही.

होल्डरचं प्लॅस्टिक एका पिनेभोवती तपकिरी होऊन वितळलं होतं. सैल पिन तापते आणि तापली की आणखी सैल होते. सिरॅमिक होल्डर टाकला.

पुन्हा मोजलं: बल्बवर १३.४. आकडा किरकोळ वाटतो, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घातात बदलतो. म्हणजे आधी जेमतेम निम्माच उजेड मिळत होता. १००/९० टाकले असते तर करंट वाढून तोच होल्डर आधी वितळला असता.

भाऊंना उजवी बाजूही दाखवली. तिथली अर्थ ठीक होती, होल्डर मात्र तपकिरी पडायला लागला होता. "पावसाआधी करू," म्हणाले. मी म्हटलं, "आत्ताच करा, हातासरशी दहा मिनिटांचं काम आहे." केलं.