ध की घ?

दुपारी चारची वेळ. लिफ्टमध्ये एक नवा चेहरा शेजारी येऊन उभा राहतो. "नमस्कार, मी मेधा. परवाच आलोय आम्ही तिसऱ्या मजल्यावर." आपण हसतो, आपलं नाव सांगतो, पाणी किती वाजता येतं ते सांगतो, कचऱ्याच्या गाडीची वेळही सांगतो. तिसरा मजला येतो, त्या उतरतात, दार लागतं. आणि चौथ्या मजल्याच्या आतच प्रश्न पडतो, काय बरं नाव सांगितलं त्यांनी?

याला आपण 'विसरलो' म्हणतो, पण ते तितकंसं खरं नाही. विसरायला गोष्ट आधी आत तरी जायला हवी. समोरचा माणूस नाव सांगत असतो नेमका त्याच क्षणी आपण आपलं वाक्य जुळवत असतो. नुसतं नाव सांगावं की आडनावासकट, मजला आधी की नंतर. 1973 मध्ये माल्कम ब्रेनर या संशोधकाने माणसांना गोलात बसवून पाळीपाळीने एकेक शब्द मोठ्याने वाचायला लावला होता. नंतर विचारल्यावर प्रत्येकाला आपला शब्द छान आठवला, पण आपल्या पाळीच्या जरा आधी जे वाचलं गेलं तेच नेमकं निसटलेलं. ऑफिसातल्या ओळख-परेडीत आपल्या आधी उठलेल्या माणसाचं नाव कधीच का लक्षात राहत नाही, ते यावरून कळावं.

त्यात नावाची जातच निसरडी. 'सुतार' हा शब्द घ्या. हे गृहस्थ सुतारकाम करतात असं कळलं, तर डोक्यात लगेच रंधा येतो, भुसा येतो, आपल्या न लागणाऱ्या खिडकीची आठवण येते. यांचं आडनाव सुतार असं कळलं, तर काहीच येत नाही. ते बँकेत असतात. शब्द तोच, पण पहिल्याला धरायला दहा हात, दुसऱ्याला एकही नाही. 1987 मध्ये ब्रिटनमध्ये हाच प्रयोग झाला. चेहरे दाखवून एकच शब्द काही चेहऱ्यांना आडनाव म्हणून जोडला, काहींना व्यवसाय म्हणून. व्यवसाय आठवले, आडनावं गळाली.

म्हणून नाव ऐकल्यावर पहिल्या चार-पाच सेकंदांत त्याला एखादा हात फोडावा लागतो. सगळ्यात सोपा हात म्हणजे शंका. "मेधा? धनुष्याचा ध की घराचा घ?" हा प्रश्न मराठीत अजिबात आगाऊ वाटत नाही, कारण मेधा आणि मेघा यांचा घोटाळा त्या बाईंनी जन्मभर सोसलेला असतो. कानाला फरक पुसट आणि लिहिताना एका गाठीचा. त्या उत्साहाने सांगतात, "ध, ध! बुद्धी या अर्थाचा." एवढ्यात नाव आपल्या तोंडून एकदा, कानावर दोनदा आणि अर्थासकट येऊन गेलेलं असतं. सगळ्याच नावांत अशी शंका निघत नाही. पण शीतल, किरण, सुहास ही नावं बायकांचीही असतात आणि पुरुषांचीही. श्रुती आणि स्मृती यांची अदलाबदल ठरलेली. आडनावाच्या शेवटी 'कर' असेल तर गाव विचारता येतं. मात्र नुसतं पहिलं नाव सांगून थांबलेल्या माणसाला "आणि आडनाव?" म्हणून खोदू नये. ही चौकशी आपल्याकडे कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो थांबला असेल तर बहुधा त्यासाठीच.

यानंतर बरेच जण एक चूक करतात. मनातल्या मनात मेधा-मेधा-मेधा असं घोकत राहतात. घोकताना नाव जिभेवरच असतं, ते आठवावं लागतच नाही; आणि समोरच्या बाई तेवढ्यात काय बोलल्या ते मात्र सुटतं. 1978 मध्ये लँडॉअर आणि ब्योर्क या दोघांनी नावं पाठ करण्यावरच प्रयोग केले. लगेच एकदा आठवायचं, मग जरा थांबून, मग आणखी थांबून, असं अंतर वाढवत नेलं तर नाव चांगलं टिकतं असं त्यांना दिसलं. अंतर वाढतं असावं की सारखं, यावर पुढच्या प्रयोगांचं एकमत नाही. पण लागोपाठ घोकण्यापेक्षा मध्ये खंड पाडून आठवणं बरं, ही गोष्ट टिकली. फक्त खंड इतका मोठा नको की हाक मारायला जावं आणि हाती काहीच लागू नये.

म्हणजे लिफ्टपुरतं गणित असं. शंका लगेच विचारायची. अर्ध्या मिनिटाने, पाण्याचा विषय निघाला की, एकदा नाव घ्यायचं. निरोप घेताना पुन्हा. मग घरात शिरून चप्पल काढताना एकदा, स्वतःशी. आणि रात्री जेवताना घरच्यांना सांगायचं, "तिसऱ्या मजल्यावर मेधाताई म्हणून आल्यात." एवढं पुरतं.

अर्ध्या मिनिटाने घ्यायचं ते कसं, इथे मात्र मराठीची स्वतःची अट आहे. "तर मेधाजी, पाणी सहाला येतं, मेधाजी, आणि मेधाजी, टाकी..." असं बोलणारा माणूस शेजारी वाटत नाही, कर्ज विकायला फोन केलेला वाटतो. तोंडासमोरच्या माणसाला आपण 'तुम्ही' म्हणतो आणि भागतं. नाव मध्येमध्ये पेरायची आपल्याला सवय नाही. मराठीत नाव सहज येतं ते एक तर वाक्याच्या सुरुवातीला, लक्ष वेधताना: "अहो मेधाताई, एक सांगायचं राहिलं." किंवा तिसऱ्या माणसाशी बोलताना, प्रत्यय लावून. पहिल्या मजल्यावर जोशीकाका लिफ्टमध्ये शिरले की संधी आलीच: "काका, या मेधाताई. मेधाताईंना जरा टाकीचं सांगा ना." एका दमात दोनदा नाव झालं आणि कुणाला खटकलंही नाही.

'ताई' इथे मोठं काम करते. नुसतं 'मेधाला' म्हटलं की एकेरी होतं. ताई जोडली की प्रत्यय ताईला लागतो आणि आदरही साधतो. आडनावाच्या बाबतीत उलटं. देशपांडे असतील तर जुनी माणसं 'देशपांड्यांकडे' म्हणतात, जोशी असतील तर 'जोश्यांना'. हल्ली 'देशपांडेंकडे' म्हणायची पद्धत पडली आहे. पण आडनाव असं वाकवून घेतलं की ते जिभेला जास्त चिकटतं, असं माझं आपलं मत. ताई म्हणावं की वहिनी की मॅडम, हे ठरत नसेल तर सरळ विचारावं, "मेधाताई म्हटलं तर चालेल ना?" तेवढंच आणखी एकदा नाव घेऊन होतं.

आणि नाही राहिलं लक्षात, तर दुसऱ्या भेटीतच कबूल करावं: "नाव पुन्हा सांगता? त्या दिवशी नीट ऐकलं नाही मी." हे खरंच असतं, त्यामुळे म्हणायला जड जात नाही. पाचव्या भेटीला ते जमत नाही. मग आपण काकू, वहिनी, भाऊ, दादा यांच्या आडोशाला जातो. नाव न घेता अख्खी दहा वर्षं शेजार करता येईल इतके शब्द आपल्या भाषेत आहेत, आणि तसे शेजार होतातही. कुणाच्याही फोनमध्ये 'आर्याची आई स्कूलबस' अशी एखादी नोंद सापडेल. आर्या आता कॉलेजात जाते. तिच्या आईचा वाढदिवसाचा मेसेज आला की आपण उत्तरात 'थँक्यू' लिहितो, आणि पुढची जागा जराशी मोकळी राहते.